मटण-मासळीतलं क्रिएटिन: ताटात किती येतं आणि ते मोजायचं कसं

जिममध्ये नाव घातलं की महिनाभरात कुणीतरी क्रिएटिनचा डबा पुढे करतंच. घरी विषय काढला की आई नाहीतर काका म्हणतात, "पावडरी कशाला खायच्या? मटण खा की!" काकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. क्रिएटिन हा पदार्थ माणसाला सापडला तोच मांसात. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो मांसाच्या अर्कातून वेगळा काढला. पुढे १८४७ मध्ये लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं, की शिकारीत धावून धावून मारल्या गेलेल्या रानटी कोल्ह्यांच्या मांसात तो पिंजऱ्यात ठेवलेल्या कोल्ह्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तेव्हा क्रिएटिन मटणात आहे का, यावर वाद नाहीच. वाद 'किती' यावर आहे, आणि तो वजनकाटा घेऊन घरच्या घरी मिटवता येतो.

खालच्या पायऱ्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहेत. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं याची प्रामाणिक यादी आणि गुणाकार, एवढ्यावर काम भागतं.

पायरी पहिली: शरीराचा रोजचा खर्च

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं आणि त्यातलं ९५ टक्के स्नायूंमध्ये. जड वजन उचलताना किंवा जीव तोडून पळताना पहिल्या काही सेकंदांत जी ऊर्जा लागते, ती झटपट भरून देणं हे त्याचं काम. लांब चालायला किंवा निवांत सायकल मारायला त्याचा फारसा संबंध येत नाही.

हा साठा रोज थोडा झिजतो. दिवसाला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास क्रिएटिन आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे रोजचा खर्च झाला सुमारे २ ग्रॅम. (क्रिएटिन आणि क्रिएटिनिन ही दोन वेगळी रसायनं आहेत. नावं जुळी असल्यामुळे लॅबचा रिपोर्ट हातात आला की लोक घाबरतात. त्याबद्दल शेवटी.) या दोन ग्रॅमपैकी साधारण एक ग्रॅम मूत्रपिंड आणि यकृत मिळून रोज तयार करतात, तेही प्रथिनांत मिळणाऱ्या तीन अमिनो आम्लांपासून. उरलेला एक ग्रॅम, भरपूर मांस खाणाऱ्यांच्या बाबतीत, ताटातून येतो. शाकाहारी माणसाचा कारभार जवळजवळ पूर्णपणे स्वतःच्या उत्पादनावर चालतो आणि त्याच्या स्नायूंमधला साठा थोडा कमी पातळीवर स्थिरावतो. त्याने तो आजारी पडत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं होतं. अन्नातलं क्रिएटिन साठा आहे तिथे टिकवतं. पावडर घेणाऱ्याचा उद्देश वेगळा असतो. त्याला साठा नेहमीच्या पातळीच्या वर, स्नायूत मावेल तेवढा, न्यायचा असतो. स्वीडनमध्ये हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केलेल्या अभ्यासात रोज २० ग्रॅम पावडर सहा दिवस घेतल्यावर स्नायूंमधलं क्रिएटिन सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. रोज फक्त ३ ग्रॅम घेणारेही तेवढ्याच उंचीवर पोचले, फक्त त्यांना २८ दिवस लागले. म्हणून आपण पुढे 'पावडर' म्हणताना रोजचे ३ ग्रॅम धरू. तुलना करायची तर सगळ्यात कमी मात्रेशीच करावी, नाहीतर काकांवर अन्याय होतो.

पायरी दुसरी: यादी गाळून घ्या

आठवड्याच्या यादीतलं प्रत्येक 'नॉनव्हेज' क्रिएटिनच्या हिशोबात धरायचं नसतं, आणि घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो.

क्रिएटिन असतं ते हाडाला चिकटलेल्या, हालचाल करणाऱ्या लाल-पांढऱ्या मांसात, म्हणजे मांडी, फरा, छाती, माशाची तुकडी यांत. कच्च्या, बिनहाडाच्या एक किलो मांसात साधारण तीन ते पाच ग्रॅम. अभ्यासांत वारंवार दिले जाणारे आकडे असे आहेत: डुकराचं मांस किलोला ५ ग्रॅमच्या आसपास, गोमांस आणि सॅमन साडेचार, ट्यूना चार, कॉड तीन. यादीत सगळ्यात वर हेरिंग हा उत्तर अटलांटिकमधला मासा असतो, साडेसहापासून दहापर्यंत. आपली तारली याच माशाच्या गोतावळ्यातली, पण म्हणून हेरिंगचा आकडा उचलून तारलीला लावू नका. मासा कुठल्या हंगामात धरला, त्यात चरबी किती, पाणी किती, यावर आकडा हलतो. घरगुती हिशोबाला मटण, चिकन, मासा या सगळ्यांना किलोला सरसकट ४ ग्रॅम धरलेले बरे. एखाद्या दिवशी थोडं इकडे, दुसऱ्या दिवशी थोडं तिकडे होईल, पण उत्तराचा अर्थ बदलणार नाही.

आता काय गाळायचं ते.

कलेजी गाळा. क्रिएटिन बनवण्याचा शेवटचा टप्पा यकृतात पार पडतो हे खरं, पण तयार झालेला माल यकृत रक्तात सोडून देतं, स्वतःकडे साठवत नाही. लोह हवं असेल तर कलेजी उत्तम आहे. या हिशोबात मात्र तिला जागा नाही. वजडीचंही तसंच: आतड्याचे स्नायू वेगळ्या जातीचे असतात आणि त्यांत क्रिएटिन फार कमी असतं. पायाच्या सूपमध्ये मुख्यतः हाडं आणि शिरा उकळलेल्या असतात, मांस जेमतेम. सर्दीत ते बरं वाटतं, तेवढ्यासाठी प्या.

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी जरा वाईट बातमी आहे. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, कालवं, माकुल हे सगळं गाळायचं. पाठीचा कणा नसलेल्या या जीवांच्या स्नायूंमध्येही झटपट ऊर्जा साठवण्याची सोय असते, पण ती क्रिएटिनवर चालत नाही. त्यांनी त्या जागी आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल नेमलं आहे. म्हणून कोळंबीत प्रथिनं भरपूर असली तरी क्रिएटिन नावापुरतंच सापडतं. सुकट आणि जवळा म्हणजेही वाळवलेली छोटी कोळंबीच, तेव्हा तीही बाद. अर्ध्या अधिक कोकणी जेवणात 'मासे' म्हणून जे पानात येतं त्यातला मोठा वाटा असा निघून जातो. मुंबई-गोव्यात आठवड्यातून चार दिवस मासळी खाणाऱ्याने तर ही चाळणी आधी लावावी आणि मगच बोलावं.

सुक्या बांगड्याचं जरा वेगळं आहे. तो खरा मासा, आणि पाणी उडाल्यामुळे वजनाच्या मानाने त्यात क्रिएटिन जास्त भरेल असं वाटतं. पण मीठ उतरावं म्हणून आपण तो भिजत घालतो आणि ते पाणी फेकून देतो. क्रिएटिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे मिठाबरोबर त्याचाही काही भाग मोरीत जातो. शिवाय सुका बांगडा खाऊन खाऊन किती खाणार? तोंडी लावायलाच तो असतो.

अंडं जवळजवळ शून्य. दुधात लिटरला ०.१ ग्रॅमच्या आसपास असतं. डाळी, शेंगदाणे, सोयाबीन, पालक यांत काहीच नाही. त्यांतून कच्चा माल, म्हणजे ती अमिनो आम्लं मिळतात, तयार क्रिएटिन मिळत नाही. 'शाकाहारींसाठी क्रिएटिनयुक्त दहा पदार्थ' अशा याद्या फिरत असतात. त्यांत भोपळ्याच्या बिया दिसल्या की पुढे वाचू नका.

पायरी तिसरी: कच्चं, बिनहाडाचं वजन काढा

वर दिलेले सगळे आकडे कच्च्या आणि निव्वळ मांसाचे आहेत. आपण मात्र खाटकाकडून हाडासकट आणतो आणि बोलताना तेच वजन सांगतो. "आम्ही दर रविवारी एक किलो आणतो" यातलं एक किलो म्हणजे हाड, चरबी, पडदा सगळं धरून. करी कटच्या मटणात आणि चिकनमध्ये साधारण चौथा हिस्सा हाडाचा धरा. नळी आणि चाप जास्त पडले असतील तर त्याहून जास्त. खात्री करायची असेल तर एकदा जेवण झाल्यावर ताटांतली हाडं गोळा करून काट्यावर ठेवा. घरचे हसतील, पण आकडा आपला स्वतःचा मिळेल.

अख्ख्या माशात हे प्रमाण आणखी घसरतं. बांगडा साफ केला, डोकं काढलं, काटा बाजूला सारला की जवळपास निम्मं वजन गेलेलं असतं. सुरमईच्या तुकडीत तोटा कमी, कारण मधला काटा सोडला तर सगळं मांसच. बोंबील ओला असेल तर तो बहुतांश पाणीच असतो, त्याला किलोला ४ ग्रॅमचा मान देऊ नका. निम्मा धरला तरी खूप झाला.

उलटी चूकही होते. शिजलेलं मांस तोललं तर पाणी सुटल्यामुळे ते हलकं भरतं. दोनशे ग्रॅम शिजलेलं चिकन म्हणजे कच्चं अडीचशे ते पावणेतीनशे ग्रॅम. म्हणून शक्यतो धुऊन, निथळून, फोडणीला टाकण्याआधीच तोला.

पायरी चौथी: चुलीवर काय जातं

शिजवताना क्रिएटिन दोन वाटांनी कमी होतं. एक वाट सरळ आहे. ते मांसातून सुटणाऱ्या पाण्यात उतरतं. दुसरी वाट म्हणजे उष्णतेने त्यातला काही भाग क्रिएटिनिन होतो आणि ते स्नायूंच्या कामाचं राहत नाही. आच जितकी जास्त आणि वेळ जितका लांब, तितकं हे रूपांतर जास्त. सोबत आंबट असेल तर आणखी थोडं वेगाने.

पहिल्या वाटेने गेलेलं परत मिळवता येतं, आणि इथे कोल्हापूरकरांची पद्धत फायद्याची ठरते. मटण हळद-मीठ लावून पाण्यात शिजवलं की जे अळणी पाणी सुटतं, त्यात क्रिएटिनचा बराच वाटा उतरलेला असतो. तेच पाणी पुढे तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्यात जातं. रस्सा वाटीवर वाटी ओरपणाऱ्याला ते मिळतं. सुक्क्याचे तुकडे वेचून खाणाऱ्याला आणि 'डाएटवर आहे' म्हणून उकडलेल्या चिकनचं पाणी बेसिनमध्ये ओतणाऱ्याला ते मिळत नाही. हे दुसरं मी जिमच्या मुलांत फार पाहतो: चिकन ब्रेस्ट कुकरला लावतात, शिट्ट्या काढतात, पाणी फेकतात आणि वरून क्रिएटिनसाठी मांस खातो म्हणून सांगतात.

दुसऱ्या वाटेने गेलेलं मात्र गेलंच. तंदूरवर करपलेली कड, तव्यावर काळपट होईतो तळलेली तुकडी यांत रूपांतर सगळ्यात जास्त होतं. शिवाय अशा प्रखर आचेत क्रिएटिन, अमिनो आम्लं आणि साखर एकत्र येऊन काही घातक संयुगंही बनतात, त्यामुळे करपलेलं काढून टाकलेलंच चांगलं. माशाच्या आमटीत कोकम किंवा चिंच असली तरी काळजी नको. मासा दहा-बारा मिनिटांत शिजतो, तेवढ्यात आंबटपणा फार काही बिघडवत नाही.

हिशोबासाठी काय धरायचं? रस्सा पिणाऱ्याने १० टक्के कापावेत, तळून-भाजून खाणाऱ्याने ३० टक्के. कुठलीच एक बाजू नसेल तर २० टक्के धरा. मी पुढे तेच धरतो.

पायरी पाचवी: एका आठवड्याचा हिशोब

समजा सत्तर किलो वजनाचा, कोल्हापूरकडचा एक तरुण आहे. घरात चार माणसं. त्याच्या मते तो 'भरपूर नॉनव्हेज' खातो.

रविवारी घरात एक किलो मटण येतं. त्याच्या वाट्याला पाव किलो, हाड वजा जाता १९० ग्रॅम. किलोला चार ग्रॅमप्रमाणे झाले ०.७६ ग्रॅम. बुधवारी चिकन, वाटा तेवढाच, म्हणून आणखी ०.७६. शुक्रवारी दोन मध्यम बांगडे, प्रत्येकी दीडशे ग्रॅमचे. तीनशेतले निम्मे गेले, उरले दीडशे, क्रिएटिन ०.६. शनिवारी कोळंबी मसाला झाला, त्याचं शून्य. रोजची दोन अंडी, तीही शून्य.

मटण, चिकन, बांगडा मिळून २.१२ ग्रॅम. शिजवण्याचे २० टक्के कापले की १.७ राहतात. तो रोज अर्धा लिटर दूध पितो, त्याचे आठवड्याचे साडेतीन लिटर होतात आणि त्यातून ०.३५ ग्रॅम येतं. गंमत बघा, रोजच्या साध्या दुधाने आठवड्यात रविवारच्या मटणाच्या निम्मं क्रिएटिन दिलं. सगळं मिळून आठवड्याला २ ग्रॅमच्या थोडं वर, दिवसाला पडले ०.३ ग्रॅम.

मघाशी आपण म्हटलं होतं की मांसाहारी माणसाला ताटातून रोज एक ग्रॅम मिळतं. ते गृहीत आहे पाश्चात्त्य देशांतल्या, रोज एक-दोन वेळा मांस खाणाऱ्यांच्या ताटाचं. आपल्याकडचा आठवड्यातून तीन दिवस खाणारा माणूस स्वतःला मांसाहारी म्हणवतो, पण क्रिएटिनच्या बाबतीत तो शाकाहाऱ्याच्या जास्त जवळ बसतो. श्रावण किंवा नवरात्र आलं की तर महिना-पंधरवडा तो शाकाहारीच असतो. परदेशी लेखातलं 'तुम्ही मांस खात असाल तर तुमचा साठा बराचसा भरलेला आहे' हे वाक्य आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही.

पायरी सहावी: आता डब्याशी तुलना

डब्यातली पावडर बहुधा क्रिएटिन मोनोहायड्रेट असते. तिच्या प्रत्येक कणासोबत थोडं पाणी बांधलेलं असतं, त्यामुळे वजनातलं ८८ टक्के खरं क्रिएटिन. ३ ग्रॅम पावडर म्हणजे २.६४ ग्रॅम क्रिएटिन, आठवड्याचे साडेअठरा ग्रॅम. आपल्या तरुणाच्या ताटातून आले २. म्हणजे नवव्या हिश्श्याच्या आसपास.

ही दरी मटणाने भरायची ठरवली तर? रोज २.६४ ग्रॅम हवेत. दुधाचे ०.०५ सोडले, शिजवण्यातली घट धरली, तर रोज साधारण ८१० ग्रॅम बिनहाडाचं कच्चं मांस लागेल. हाडासकट ते किलोच्या वर जातं. एकट्या माणसाला, रोज, सणवार-उपास न पाळता. मटण किलोला ७५० रुपये धरलं तरी महिन्याला २४ हजार रुपये खाटकाला द्यावे लागतील. पैसे आहेत असं समजू. तरी त्या ८१० ग्रॅममधून एकशेसाठ ग्रॅम प्रथिनं आणि सोबत बरीच चरबी पोटात जाणार, आणि भाकरी-भाजीला पोटात जागा उरणार नाही. बांगड्यांनी भागवायचं म्हटलं तर वरच्या मापाचे दिवसाला दहा-अकरा बांगडे पडतात. दुधाने म्हटलं तर सव्वीस लिटर.

आणि ही फक्त ३ ग्रॅमची बरोबरी झाली. १९९२ मध्ये हॅरिस, सोडरलंड आणि हुल्टमन यांनी ज्या अभ्यासाने या सगळ्याला सुरुवात करून दिली, त्यात ५ ग्रॅमची मात्रा दिवसातून चार ते सहा वेळा दिली होती. त्यांनीच नोंदवून ठेवलं आहे, की यातली एकेक मात्रा म्हणजे १.१ किलो कच्च्या स्टेकची बरोबरी. दिवसाला साडेचार ते साडेसहा किलो मांस कुठल्याही पैलवानाच्या खुराकात बसत नाही.

मांसातलं क्रिएटिन अंगी लागत नाही, असं मात्र नाही. ते व्यवस्थित शोषलं जातं. पावडर पाण्यातून घेतली तर रक्तात एकदम चढते आणि उतरते. तेवढंच क्रिएटिन मांसातून घेतलं तर चढ कमी उंचीचा पण जास्त वेळ टिकणारा असतो. कमतरता दर्जाची नाही, मात्रेची आहे.

अन्नाने साठा फारसा हलत नाही याला आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात रंजक वाटतं. बाहेरून क्रिएटिन यायला लागलं की शरीर स्वतःचं उत्पादन आवरतं घेतं. ते बनवण्याच्या पहिल्या टप्प्यावरचं विकर, म्हणजे एन्झाइम, कमी केलं जातं. त्यामुळे तुम्ही ताटातून अर्धा ग्रॅम वाढवला तर साठ्यात सगळाच्या सगळा अर्धा ग्रॅम जमा होत नाही. त्यातला काही भाग शरीराने न बनवलेल्या क्रिएटिनची जागा घेण्यातच संपतो. घरात धाकट्याला नोकरी लागली की थोरला हात आखडता घेतो, तसलाच हा प्रकार. रोजचे ३ ग्रॅम इतके मोठे आहेत की शरीराने आपलं उत्पादन पार बंद केलं तरी शिल्लक राहतेच आणि साठा वर सरकतो. म्हणून आठवड्यात एक मटणाचा वार वाढवून व्यायामात फरक दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

पायरी सातवी: आकडा हातात आल्यावर

वजनं उचलत नसाल, स्प्रिंट मारत नसाल, कुस्ती-कबड्डीसारखं झटक्याचं काही खेळत नसाल तर हिशोब इथेच सोडून द्या. शरीर रोजच्यापुरतं बनवतंच आहे. मटण आवडतं म्हणून खा.

तसा व्यायाम करत असाल आणि साठा वाढवायचाच असेल, तर अन्न आहे तसं ठेवून रोज ३ ते ५ ग्रॅम साधं मोनोहायड्रेट हा सरळ मार्ग. पावडर कारखान्यात रसायनांपासून बनते, मांसातून काढलेली नसते, त्यामुळे शाकाहाऱ्यांनाही चालते. फक्त कॅप्सूल घेत असाल तर तिचं कवच जिलेटिनचं नाही ना, ते बघा, आणि डब्यावर हिरवं चिन्ह आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक शोधा. महागडी 'एचसीएल' आणि 'एथिल एस्टर' रूपं मोनोहायड्रेटपेक्षा सरस ठरलेली नाहीत. एथिल एस्टर तर पोटात बरंचसं थेट क्रिएटिनिनच होऊन जातं. डब्यातल्या चमच्यावरही आंधळा विश्वास नको, पहिल्या दिवशी तो सपाट भरून काट्यावर तोला. पेल्याच्या तळाशी रवाळ कण राहिले तर भेसळ समजू नका, थंड पाण्यात ते लवकर विरघळत नाही. कोमट पाण्यात ढवळा आणि लगेच प्या. लिंबू सरबतात घालून रात्रभर ठेवलं तर त्यातलं काही आपोआप बिघडतं.

ज्यांचा साठा आधीच कमी, त्यांच्यात वाढ जास्त होते, हे १९९२ च्या अभ्यासातही दिसलं होतं. म्हणजे आठवड्याला २ ग्रॅमवाल्या आपल्या तरुणाला किंवा शुद्ध शाकाहाऱ्याला फरक जाणवण्याची शक्यता जास्त, रोज दोन वेळा मांस खाणाऱ्याला कमी. वजन सुरुवातीला एखादा किलो वाढेल. तो स्नायूंत शिरलेल्या पाण्याचा असतो. पावडर बंद केल्यावर महिना-दीड महिन्यात साठा पूर्वपदावर येतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपण असेल, मुलगा शाळकरी असेल तर स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

राहिला रिपोर्टचा प्रश्न. मूत्रपिंडाची तपासणी करताना रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. शिजवलेल्या मांसात ते तयारच असतं, त्यामुळे तुडुंब मटण जेवून पुढच्या काही तासांत रक्त दिलं तर आकडा तात्पुरता वर जातो. पावडर घेणाऱ्यांमध्येही साठा मोठा असल्याने तो थोडा चढा राहू शकतो. तपासणी असेल तर आदल्या रात्री वरण-भात खा आणि रक्त घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा, की मी इतके दिवस, इतके ग्रॅम क्रिएटिन घेतोय. आकडा तरीही जास्त आला तर डॉक्टर 'सिस्टॅटिन सी' ही दुसरी तपासणी सांगू शकतात. तिच्यावर मटणाचा किंवा क्रिएटिनच्या डब्याचा असा परिणाम होत नाही.